तुम्ही विचारलंत म्हणून: काडी ओढायच्या आधीची वीस मिनिटं

“गॅस चालू राहिलाय हे दुसऱ्याच मिनिटाला दाखवून टाकलंत, मग पुढे रहस्य काय उरलं?”

रहस्य मी ठेवून पाहिलंय. या नाटकाच्या मालवणातल्या पहिल्या प्रयोगात दूध उतू जाऊन शेगडी विझते, हे शेवटपर्यंत लपवलं होतं. वीस मिनिटं आजी देवापुढे वाती वळते, मुंबईच्या मुलाशी फोनवर आंब्याच्या पेट्यांचा हिशेब करते, आणि लोक खोकत बसले होते. शेवटी भडका उडाला, लोक दचकले, संपलं. नंतर मी संवाद एकही न बदलता फक्त दूध उतू जाणं सुरुवातीला आणलं. भिंतीवर सहा चाळीस झालेत आणि आजी सातच्या ठोक्याला दिवा लावते, एवढं लोकांना ठाऊक झाल्यावर त्याच पेट्यांच्या हिशेबाला खोकला थांबला.

पण खरं दुखणं पुढच्या प्रयोगातलं आहे. वेळ काढायला मी काडेपेटी तीनदा हरवली. एकदा ती पोथीखाली सापडली, मग ओली निघाली, मग पुन्हा हातातून सुटून पाटाखाली गेली. तिसऱ्या वेळी पुढच्या रांगेतून आवाज आला, “आता पेटव मगे!” सगळा मांडव हसला. आजीचं काम करणारी बाई पाटावर तशीच बसून राहिली. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. तिथे आजी थांबत नव्हती, मी तिला थांबवत होतो, आणि ते लोकांना दिसलं.

तेव्हा ‘प्रेक्षकाला धीर नाही’ म्हणून मी भांडलो होतो. चूक माझी होती. आता आजी स्वतःच्या कारणाने थांबते: कालची काजळी पुसल्याशिवाय तिला समई चालत नाही. तिला कळत कसं नाही, याचं उत्तरही दूध उतू जाण्याआधीच देऊन ठेवलंय. ती सुरंगीचा वळेसर नाकाशी धरून म्हणते, “हेका वास कसो नाय गो?” तिचं नाक चोंदलंय. तेव्हा ते वाक्य कुणी मनावर घेत नाही, गॅस सुटला की सगळ्यांना आठवतं. मग दिवा वाऱ्याने विझू नये म्हणून ती स्वतःच खिडकी लावून घेते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, आणि ती बसलीय पाटावर. खिडकीची कडी लागते तो क्षण मला काडीपेक्षा मोठा वाटतो.

घड्याळ मात्र मी झाकलंय. सतत समोर असलं की लोक आजीला सोडून काट्याकडेच बघतात. आता फक्त साडेसहाचा एक ठोका पडदा उघडताना ऐकू येतो, आणि मध्ये एकदाच सून दारातून डोकावून म्हणते, “धा मिन्टां ऱवली.” तिला आत आणावं की तिथूनच परत पाठवावं, हे अजून ठरत नाही. आत आणली तर तिला वास येणार. परत पाठवली तर, तिला दारातच वास कसा आला नाही, हे लोक विचारणार. तुम्हीही विचाराल.