‘बघतो’ म्हणजे हो की नाही?

पुण्यात कुणी ‘बघतो’ म्हणालं की समोरच्याला पुढचं सांगावं लागत नाही. आवाजाच्या पट्टीवरून, मान कुठे वळली त्यावरून त्याला कळतं की हे होणार नाही, आणि तो दुसरीकडे विचारायला जातो. इथे स्टुटगार्टमध्ये त्याच ‘बघतो’चं इंग्रजी होतं ‘आय विल ट्राय’. ते वाचणारा जर्मन सहकारी आपल्या यादीत त्या कामापुढे तुमचं नाव लिहितो आणि निर्धास्त होतो. त्याच्या लेखी ते काम मार्गी लागलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ते झालेलं नसतं तेव्हा तो चिडतो, आणि तो चिडतो ते नाही म्हटल्यामुळे नव्हे, तर हो म्हणून न केल्यामुळे. पुण्याच्या ऑफिसात मात्र चर्चा होते की ‘या लोकांना नाही म्हटलेलं चालत नाही’. चांगलं चालतं. स्वतः तेही दिवसातून चार वेळा म्हणतात, ‘दास शाफं इख डीझे वोखं निख्ट’, म्हणजे या आठवड्यात मला हे जमणार नाही. म्हणून झालं की दोघं मिळून कॉफी प्यायला जातात.

एक प्रसंग आकड्यांनिशी पाहू. समजा, तुम्ही हिंजवडीत एका गाडीच्या कंट्रोल युनिटच्या सॉफ्टवेअरची टेस्टिंग करता. मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला स्टुटगार्टहून मेसेज येतो: टेस्ट बेंचवरचे तीन लॉग तपासून द्याल का, उद्या दुपारी बारापर्यंत हवेत. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, म्हणजे तिथे तेव्हा दुपारचे दोन वाजलेत आणि ‘उद्या बारा’ म्हणजे तुमचे बुधवारचे साडेतीन. हिंजवडीत गुरुवारी दुपारी साडेतीनला तुमची स्वतःची रिलीज आहे.

उत्तर टाइप करण्याआधी दोन मिनिटं कागदावर हिशोब करा. ४२ टेस्ट केस राहिल्यात, प्रत्येकीला सरासरी १५ मिनिटं, म्हणजे साडेदहा तास. बुधवारी साडेनऊ ते साडेसहा हे नऊ तास, त्यातून जेवणखाण एक तास आणि मीटिंगा दीड तास गेले की उरतात साडेसहा. गुरुवारी साडेनऊ ते साडेतीन, जेवण वजा जाता पाच. एकूण साडेअकरा. हातात एक तास शिल्लक दिसतो, पण तो शिल्लक नाहीच, कारण ४२ पैकी काही केस फेल होणार आणि त्या पुन्हा चालवाव्या लागणार. एका लॉगला दीड तास धरला तर तीन लॉगना साडेचार तास हवेत. झाला निर्णय. हा हिशोब न करता ‘खूप काम आहे’ असं कळवलं तर समोरच्याला त्यातून काहीच कळत नाही, कारण खूप काम त्यालाही आहे. शिवाय कधीकधी हिशोब केल्यावर लक्षात येतं की वेळ आहे, नुसता कंटाळा आलाय!

आता वेळेचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. पावणेसहाला स्पष्ट ‘नाही’ गेलं तर स्टुटगार्टमध्ये सव्वादोन वाजलेले असतात. त्या माणसाकडे निदान दोन-तीन तास असतात. तो शेजारच्या टीममध्ये विचारू शकतो, स्वतः एखादा लॉग उघडू शकतो किंवा त्याच्या क्लायंटला वेळ वाढवून मागू शकतो. तुम्ही ‘बघतो’ लिहून घरी गेलात, बुधवारी सकाळी आपल्या केसेसमध्ये बुडालात आणि दुपारी तीनला ‘सॉरी, नाही जमलं’ असं कळवलंत, तर तिथे साडेअकरा वाजलेले असतात. त्याच्या मुदतीला अर्धा तास. काम न करणं दोन्हींत सारखंच, पण दुसऱ्या वेळी तुम्ही त्याचा पूर्ण दिवस खाल्लात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं मागे गेली की हे आणखी अवघड होतं: अंतर साडेचार तासांचं होतं आणि त्याच दुपारच्या दोनला पुण्यात साडेसहा वाजतात, म्हणजे कंपनीची बस गेटवर उभी. तेव्हाही बसमध्ये बसून दोन ओळी पाठवता येतात. अगदीच राहिलं तर सकाळी साडेनऊला लिहा. स्टुटगार्टमध्ये पहाटेचे पाच वाजलेले असतात, त्यामुळे त्याला ते कामावर येताच दिसेल.

मेसेज साधारण असा:

‘बुधवारी बारापर्यंत हे तीन लॉग तपासणं मला जमणार नाही. गुरुवारच्या रिलीजच्या ४२ टेस्ट बाकी आहेत आणि तोवरचा माझा सगळा वेळ त्यात जातोय. कोणत्या टाइमस्टँपला अडचण आहे ते आज पाठवलंत तर त्या भागासाठी लागणारा फिल्टर अर्ध्या तासात पाठवेन, म्हणजे तुमच्याकडे कुणालाही तो लॉग लवकर वाचता येईल. पूर्ण तपासणी माझ्याकडूनच हवी असेल तर सोमवारी आमच्या संध्याकाळी पाचपर्यंत देईन.’

इंग्रजीत लिहितानाही वाक्यं इतकीच सरळ ठेवा. नकार पहिल्याच वाक्यात आलाय, कारण फोनच्या नोटिफिकेशनमध्ये तेवढंच दिसतं. आपल्याकडे आधी तीन ओळी आभार, मग परिस्थितीचं वर्णन आणि शेवटी ‘त्यामुळे थोडं कठीण वाटतंय’ असं लिहायची सवय. ‘थोडं कठीण’ म्हणजे इकडच्या माणसाच्या कानाला ‘कठीण आहे, पण करतो’. पुणेकराला हे शिकवावं लागतं याची गंमत वाटते. ज्या गावात ‘दुपारी १ ते ४ दुकान बंद’ ही पाटी कसलीही दिलगिरी न दाखवता लागते, त्याच गावातला माणूस मेल लिहायला बसला की विरघळतो.

कारण एकच दिलंय, तेही मुद्दाम. मीटिंग आहे, नेट स्लो आहे, मुलाची शाळा आहे अशी चार कारणं दिली की जर्मन सहकारी ती सोडवायची प्रश्नपत्रिका समजून एकेक सोडवायला घेतो. ‘मीटिंग मी पुढे ढकलून घेतो, मग जमेल ना?’ आता दुसऱ्यांदा नाही म्हणावं लागतं आणि पहिली कारणं खोटी वाटायला लागतात. ४२ टेस्ट हे कारण तसं सोडवता येत नाही आणि कुणालाही तपासून पाहता येतं.

पुढची तारीख देताना बहुतेकांचा पाय घसरतो. मनात पहिल्यांदा शुक्रवार येतो, कारण गुरुवारी रिलीज संपणार. पण रिलीजनंतरचा शुक्रवार मोकळा असतो हा भ्रम आहे. त्या दिवशी गुरुवारी निघालेले बग परत येतात. त्यातून शुक्रवारी दुपारी दोननंतर जर्मन ऑफिसं रिकामी व्हायला लागतात, म्हणजे तुमच्या साडेपाचनंतर पाठवलेला रिपोर्ट सोमवारीच उघडला जाणार. म्हणून रिलीज एक दिवस घसरली तरी पाळता येईल अशीच तारीख द्या. लांबच्या तारखा देताना आठवड्याचा क्रमांकही लिहा. इकडे ‘महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात’ असं कुणी म्हणत नाही, KW 38, म्हणजे वर्षाचा अडतिसावा आठवडा, असं म्हणतात. आउटलुकच्या कॅलेंडरमध्ये आठवड्याचे क्रमांक दाखवायची सोय आहे. ते वर्षाचा पहिला गुरुवार असलेल्या आठवड्यापासून मोजायला लावा, नाहीतर काही वर्षी तुमचा ३८ आणि त्यांचा ३८ वेगळा निघतो.

मॅनेजरला सीसीत ठेवू नका. स्वतःच्या बचावासाठी आपण ते सहज करतो, पण इकडे ते तक्रार केल्यासारखं वाचलं जातं. मॅनेजरला मध्ये आणायची योग्य वेळ वेगळी आहे: ते लॉग नसल्यानं समोरची उत्पादन लाइन थांबली असेल तर काय आधी करायचं हे तुमच्या अखत्यारीतच नाही. तेव्हा हो किंवा नाही न म्हणता दोघांनाही उघडपणे विचारा: ‘लॉग आधी घेतले तर रिलीज शुक्रवार दुपारवर जाते. कोणतं आधी करू?’ यात नकार नाही, किंमत सांगितली आहे. पुष्कळदा किंमत ऐकल्यावर तो तीन लॉगवरून एकावर येतो.

आता हेच तीन लॉग समोरच्या टेबलावरच्या मराठी मित्राने मागितले तर वरचा मेसेज जसाच्या तसा पाठवू नका. पाच फुटांवर बसलेल्या माणसाला टीम्सवर लेखी नकार आला की तो दुखावतो, आणि जेवायच्या टेबलावर ते दिसतं. उठून त्याच्याकडे जा. ‘अरे, तुझं अडलंय ते कळतंय, पण गुरुवारी साडेतीनपर्यंत मला मान वर करायला फुरसत नाही. आत्ता दहा मिनिटं बसू, कुठून सुरू करायचं ते दाखवतो. बाकीचं सोमवारी.’ आणि खरंच दहाच मिनिटं बसा, मोबाइलवर टायमर लावून. अकराव्या मिनिटाला ‘हे एवढंच बघ ना’ सुरू होतं, आणि तुम्ही तिथेच अडकलात तर आधीचं ‘नाही’ वाया गेलं. विचारणारे वयाने मोठे असतील, तर सरळ ‘नाही’ तोंडातून निघत नाही, काढूही नये. ‘सर, गुरुवारची रिलीज हातात आहे. तुमचं आधी घेऊ की ती?’ म्हटलं की ते स्वतःच ‘नको, तू तुझं उरक’ म्हणतात. ‘माझं आधी घे’ म्हणाले तर मात्र त्यांच्यादेखत रिलीजच्या लीडला फोन लावायचा. गुरुवारी संध्याकाळी उशीर उघडा पडेल तेव्हा लावायचा नाही.

राहतं दुसऱ्या टोकाचं काम, जे बहुतेक जण विसरतात. गुरुवारी रिलीज गेली की घरी निघण्याआधी एक ओळ टाका: ‘त्या लॉगचं काय झालं? अजून हवेत का?’ बहुतेक वेळा उत्तर येतं की झालं, धन्यवाद. हवेच असतील तर सोमवारच्या कॅलेंडरमध्ये साडेचार तास आत्ताच अडवून ठेवा. सकाळी दहा ते साडेबारा आणि दुपारी दीड ते साडेतीन असे दोन तुकडे केले तर पाचच्या आत रिपोर्ट लिहायला दीड तास उरतो, आणि पाच वाजता स्टुटगार्टमध्ये अजून दीडच वाजलेला असतो.