गच्चीवर दुसरा कोबा टाकण्याआधी स्लॅबचं वजन कसं काढलं: माझा अनुभव

इंदूरला रामबागेतल्या जुन्या घराची गच्ची गळत होती. जुन्या कोब्यावरच नवा कोबा टाकायचा, असं मिस्त्रींचं म्हणणं होतं. स्लॅब ते पेलेल का, हे सांगायला आधी तिथे आज किती वजन बसलंय ते कळायला हवं. चौरस मीटरला किती किलो, हा आकडा मी कसा काढला ते लिहितो.

सूत्र एका ओळीचं आहे: जाडी मीटरमध्ये, गुणिले काँक्रीटची घनता. १२५ मिलिमीटर म्हणजे ०.१२५ मीटर, त्याला २५०० ने गुणलं की ३१२.५ किलो प्रति चौरस मीटर. मी मनात वेगळं धरतो: जाडीच्या दर मिलिमीटरमागे अडीच किलो. त्यामुळे चूक कुठे महागात पडते ते लगेच दिसतं. जाडी १० मिलिमीटरने चुकली तर २५ किलोंचा फरक पडतो. घनता २४०० धरली की २५००, या वादात १२५ मिलिमीटरच्या स्लॅबला जेमतेम साडेबारा किलो इकडचे तिकडे होतात. म्हणून मी सगळा जोर जाडी मोजण्यावर दिला.

तरी घनता कुठून आली ते सांगायला हवं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात सळई असलेल्या काँक्रीटला घनमीटरमागे २५ किलोन्यूटन आणि बिनसळईच्या काँक्रीटला २४ किलोन्यूटन धरायला सांगितलंय. २५ किलोन्यूटनला ९.८१ ने भागलं की सुमारे २५४८ किलो येतात. २५०० हा सोयीसाठी गोल केलेला आकडा आहे. आपल्या माळव्यात गिट्टी काळ्या बेसाल्टची आणि दगड जड, म्हणून मी २५५० धरले. किलोन्यूटनमधल्या उत्तराला पुन्हा ९.८१ ने गुणणं किंवा त्याच आकड्यात १.५ चा सुरक्षा गुणक मिसळणं, या दोन चुका कागदावर नेहमी सापडतात. गुणक शेवटी, स्लॅबची ताकद तपासताना लावायचा. वजन काढताना वजनच काढायचं.

आता जाडी. नकाशात साडेचार इंच, म्हणजे ११४ मिलिमीटर लिहिली होती. ती मी धरली नाही, कारण ओतताना सेंट्रिंगच्या प्लेटा मध्ये झोळ खातात आणि वरून पट्टी मारून सपाट केलेला स्लॅब मधोमध जाड होतो. जिन्याच्या तोंडाशी टेप लावून मोजणंही फसवं असतं. तिथे खालचा गिलावा, स्लॅब आणि वरचा कोबा अशी तिन्ही थरांची मिळून जाडी मिळते. इथे ती २४५ मिलिमीटर भरली. सगळंच काँक्रीट धरलं असतं तर उत्तर भलतंच आलं असतं.

म्हणून खोलीच्या छताला खालून सहा ठिकाणी १० मिलिमीटरच्या बिटने भोकं पाडली. आधी त्या जागेचा गिलावा छिन्नीने काढून त्याची जाडी मोजली, ती १० मिलिमीटर होती. ड्रिल काँक्रीटमध्ये असेपर्यंत भुकटी राखाडी पडते. कोब्यात विटांचे तुकडे असतात, त्यामुळे स्लॅब संपला की भुकटी लाल होते आणि बिट एकदम भराभर आत जातं. तिथेच थांबून बिटवर खूण केली. बिट अडून ठणठण वाजू लागलं तर ती सळई समजायची आणि दोन इंच सरकून दुसरं भोक घ्यायचं. पंख्याच्या डब्याकडून बटणांच्या भिंतीकडे जाणारा पट्टा सोडून द्यायचा, स्लॅबमधला विजेचा पाइप बहुधा तिथूनच जातो. मोजून झाल्यावर भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने भरली.

सहा मापं आली ती अशी: ११८, १२२, १२५, १२६, १२८ आणि १३१ मिलिमीटर. सरासरी १२५. वजनासाठी सरासरी घ्यायची, पण ताकद तपासताना सर्वांत कमी, म्हणजे ११८ धरायची. ०.१२५ × २५५० करून स्लॅबचं वजन ३१९ किलो प्रति चौरस मीटर आलं. नकाशाच्या जाडीने ते २९१ आलं असतं.

गळतीच्या कामात लोक इथेच थांबतात आणि कोबा विसरतात. कोब्याला उतार असतो. या गच्चीवर तो पाण्याच्या पाइपाशी ७५ मिलिमीटर होता आणि पलीकडच्या टोकाला १४५. सगळ्या गच्चीची सरासरी ११० येते, पण ज्या खोलीचा प्रश्न होता ती पलीकडच्या टोकाला आहे आणि तिच्यावर सरासरी १३० मिलिमीटर भरत होती. हिशेब त्या खोलीपुरताच हवा, नाहीतर जड बाजूचं वजन हलक्या बाजूच्या आड लपतं.

कोब्याची घनता पुस्तकातून घेण्यापेक्षा तोलून घेतलेली बरी. एक सुटा तुकडा रात्रभर पाण्यात भिजवला, बाहेर काढून फडक्याने पुसला आणि काट्यावर ठेवला: २.४६ किलो. मग काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवला आणि सांडलेलं पाणी मापाने मोजलं: १.२ लिटर. म्हणजे घनमीटरला २०५० किलो. भिजवायचं कारण असं की कोरडी वीट बादलीतच पाणी पिते आणि माप चुकतं. शिवाय गळणाऱ्या गच्चीवर पावसाळ्यात खरोखर बसतं ते भिजलेलंच वजन. ०.१३० × २०५० म्हणजे २६७ किलो. खालच्या १० मिलिमीटर गिलाव्याचे २१ किलो.

तिन्हींची बेरीज ६०७ किलो प्रति चौरस मीटर. खोली ३.६ बाय ४.२ मीटरची, म्हणजे १५.१२ चौरस मीटर. तिच्या डोक्यावर सुमारे ९.२ टन कायमचे आहेत आणि त्यातला निम्माच भाग स्लॅबचा स्वतःचा आहे.

नवा कोबा कमीत कमी ७५ मिलिमीटर धरला, तरी आणखी १५४ किलो चढतात. ज्या गच्चीवर माणसं जातात तिच्यासाठी आयएस ८७५ या भारांच्या मानकात चल भार, म्हणजे येणारं-जाणारं वजन, चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे १५३ किलो आहे. माणसं, वाळवण, लग्नाघरची गर्दी यांच्यासाठी राखलेली सगळी जागा तो नवा थर एकटाच कायमची खाऊन टाकतो. चल भार त्याच्यावर पुन्हा येणारच असतो. म्हणून जुन्यावर नवा कोबा नको, आधी जुना काढा, असं मी लिहून दिलं. काढल्याने २६७ किलो उतरतात आणि नवा थर आला तरी स्लॅब आजच्यापेक्षा हलका राहतो.

कोबा फोडताना मात्र मलबा गच्चीच्या मधोमध साठवू देऊ नका. विटांच्या मलब्याचा फूटभर उंचीचा ढीग चौरस मीटरला साडेतीनशे-चारशे किलो भरतो, म्हणजे नुकत्याच उतरवलेल्या कोब्याहूनही जास्त. पोती भरली की लगेच खाली उतरवायची. काही वेळ ठेवायचीच असतील तर भिंतीला लागून, एकेरी रांगेत.