डोळा मिटलेली कोंबडी: देवी की कोरायझा?

आमच्याकडे चिपळूणजवळच्या घरी परसात वीस-बावीस कोंबड्या असतात, निम्म्या गावठी आणि निम्म्या वनराजा. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला, डास वाढले आणि तीन-चार तलंगांच्या तुऱ्यावर, चोचीच्या कडेला बारीक पिवळट फोड दिसू लागले. पुढे ते फुगले आणि त्यांच्यावर काळपट खपल्या धरल्या. कोंबड्यांच्या देवी ओळखायला तेवढं पुरेसं होतं. आठवडा गेला तरी रोग आणखी एक-दोन पक्ष्यांपलीकडे सरकला नव्हता, म्हणून मी निश्चिंत होते.

मग दिरांनी आठवडी बाजारातून दोन अंड्यावरच्या कोंबड्या आणल्या. त्यांतली एक शिंकत होती. तीन दिवसांत खुराड्यातल्या सहा-सात पक्ष्यांची तोंडं सुजली, डोळे मिटले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "देवी डोळ्यांत उतरल्या गं." मला ते पटेना. देवीचा विषाणू डासाच्या चाव्यातून किंवा कातडीवरच्या जखमेतून शिरतो आणि फोड यायला चार ते दहा दिवस घेतो. इथे तर सहा-सात पक्षी एकदम बसले होते.

मग मी एकेक पक्षी हातात घेऊन पाहिला. ज्यांना देवी होत्या, त्यांचा डोळा मिटला होता तो पापणीवरच्या फोडामुळे. बोटाला खडबडीत गाठ लागत होती, पण गाल सपाट होते. नव्याने आजारी पडलेल्यांच्या पापण्यांवर एकही फोड नव्हता. डोळ्याखालचा भाग मऊ फुगलेला, डोळ्यांत फेस आणि नाकपुड्यांत चिकट शेंबूड होता. कोंबड्याचे तर चोचीखाली लोंबणारे गलोलही सुजले होते. नाकाजवळ नेलं की सडका वास यायचा. हा वास कोरायझाची मोठी खूण आहे. कोरायझा जिवाणूंमुळे होतो, आणि लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत तोंड सुजतं.

घोटाळा होतो तो तोंडात-घशात येणाऱ्या ओल्या देवीत, कारण तिथे तुरा स्वच्छ असू शकतो आणि पक्षी तोंड उघडून धापा टाकतो. म्हणून प्रत्येकाची चोच उघडून आत बॅटरी मारली. एका तलंगेच्या घशाशी पिवळट, चिवट थर होता. तो ओढला तर रक्त येतं, म्हणून मी हात लावला नाही. सुजलेल्या पक्ष्यांच्या तोंडात असा थर कुठेच नव्हता. एकाच खुराड्यात दोन्ही रोग होते.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन्ही गट पाहिले. सुजलेल्यांना सल्फा-ट्रायमेथोप्रिम दिलं, वजनाप्रमाणे मात्रा लिहून. आजारी कोंबडी पुरेसं पाणी पीत नाही, त्यामुळे पाण्यातून तिच्या पोटात औषध कमी जातं. म्हणून मी सिरिंजने चोचीच्या कडेने थेंब-थेंब पाजत होते. सूज दोन दिवसांत उतरू लागली, तरी सांगितलेले सगळे दिवस औषध दिलं, कारण मध्येच थांबलं की कोरायझा उलटतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत या कोंबड्यांची अंडी पुरून टाकली.

देवीवर प्रतिजैविक चालत नाही. खपल्या दोन ते चार आठवड्यांत आपोआप गळतात. त्या खरवडल्या तर जखम होते आणि विषाणू पसरतो. मी फोडांवर पोव्हिडोन आयोडीन लावत होते, फक्त डोळा सांभाळून. उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालून डोळे पुसायचे. गळलेल्या खपल्या वेचून जाळल्या, कारण त्यांत विषाणू महिनोन् महिने टिकतो. खरी मेहनत होती ती भरवण्याची. दोन्ही डोळे मिटलेली तलंग देवीने नाही, उपाशी राहून मरते. तिला भिजवलेल्या कण्या आणि पाणी दिवसातून तीन-चारदा चोचीला लावून द्यावं लागतं. घशात थर असलेली मात्र वाचली नाही. श्वासनलिकेच्या तोंडाशी थर वाढला, की घरी करण्यासारखं फार काही उरत नाही.

देवी अजून थोड्यांनाच झाली होती, म्हणून डॉक्टरांनी निरोगी पक्ष्यांना पंखाच्या पडद्यात दोन टोकांच्या सुईने लस टोचली. लस एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, त्यामुळे वाडीतल्या कोंबड्याही आमच्या पडवीत आणवल्या. आठवड्याभराने टोचल्या जागी बारीक गाठ आली का हे तपासलं. जिथे नव्हती, तिथे पुन्हा टोचलं. कोरायझाने सुजलेल्यांना लस दिली नाही.

डासांसाठी काकू खुराड्यात कडुलिंबाचा धूर करायला सांगत होत्या. श्वास अडलेल्या पक्ष्यांना धूर बाधतो, म्हणून मी त्याऐवजी मच्छरदानीची जाळी ठोकली आणि करवंट्या-डब्यांतलं साचलेलं पाणी ओतून दिलं.

कोरायझातून उठलेली कोंबडी दिसायला ठणठणीत असली, तरी रोग बाळगून राहते. म्हणून त्या कोंबड्या मी बाजारात विकल्या नाहीत, आणि त्यांच्यात नवा पक्षीही सोडला नाही. औषधाची मुदत सरल्यावर त्या घरातच खाल्ल्या. जिवाणू पक्ष्याबाहेर दोन-तीन दिवसच तगतो, तरी खुराडं धुऊन, चुना मारून तीन आठवडे रिकामं ठेवलं. लस घेतलेल्या कोंबड्या मधल्या काळात गोठ्याशेजारच्या वेगळ्या पिंजऱ्यात होत्या. त्यांचं दाणापाणी आधी आणि आजाऱ्यांचं शेवटी, हा क्रम शेवटपर्यंत पाळला.