दोन हजार पत्रकांचा हिशोब: वेस्टेज टक्क्यात धरू नका

नागपुरात प्रेसच्या कोटेशनमध्ये सर्रास दिसणारी चूक म्हणजे कागदावर सरसकट पाच टक्के वेस्टेज. मीही तसंच लावायचो. मोठ्या ऑर्डरला ते खपून जातं, छोट्या ऑर्डरला कागदच पुरत नाही.

एक काम घेऊ. ए-फोर पत्रक, दोन्ही बाजूंना चार रंग, १३० जीएसएम आर्ट पेपर, २००० प्रती. १८×२५ इंची शीटवर चार पत्रकं बसतात, म्हणजे निव्वळ ५०० शीट. पाच टक्क्यांनी ५२५ होतात. पण रजिस्टर जुळवणं, म्हणजे चारही रंग एकमेकांवर नेमके बसवणं, आणि शाई-पाण्याचा तोल बसवणं यातच १५० शीट जातात. शीट उलटल्यावर मागची बाजू जुळवायला आणखी ५०, आणि चालू छपाईत वीसेक. म्हणजे ७२० शीट लागतात. ५२५ वर थांबलात तर हाती जेमतेम बाराशे पत्रकं येतील.

म्हणून मेकरेडीचे, म्हणजे या जुळवाजुळवीत जाणारे शीट आकड्यात धरायचे आणि फक्त चालू छपाईचं वेस्टेज टक्क्यात. सुरुवातीचा रंग जुन्या रद्दी शीटवर आणला तर दीडशेतले बरेच वाचतात. मे महिन्यात मात्र मी दोनशे धरतो. नागपूरच्या कोरड्या उन्हात उघडा पडलेला कागद कडेनं आकसतो आणि रंग सरकतात, त्यामुळे रीमचं वेष्टन छापायच्या वेळेपर्यंत काढायचं नाही.

प्लेट आठ नव्हे, चारच लागतात. प्रत्येक रंगाच्या एकाच प्लेटवर पुढची दोन आणि मागची दोन पानं मांडली की शीट उलटून त्याच प्लेटवर दुसरी बाजू छापता येते. मशीनचा ग्रिपर शीट पकडतो ती कड तीच राहते, शीट बाजूने जिथे टेकतं तो साइड-ले बदलतो. कटिंग काटकोनात नसेल तर मागची बाजू हमखास हलते, आणि दोष मशीनमनला लागतो.

आता पैसे. दर माझ्या हिशोबातले आहेत, तुमचे घाला. हजार शीटचं वजन ३७.७ किलो, म्हणून ७२० शीट २७ किलोच्या थोडे वर. ९० रुपये किलोने २,४४५ रुपये. प्लेट २५० प्रमाणे १,०००. शाई साधारण अर्धा किलो, २५० रुपये. मशीन तासाला २,००० रुपये: सेटिंग, मागची बाजू आणि धुलाई मिळून सव्वा तास, प्रत्यक्ष छपाई पंधरा मिनिटं, म्हणजे ३,०००. एकूण ६,६९५, हजारी सुमारे ३,३५०.

हेच काम १०,००० प्रतींचं असेल तर सेटिंगचे शीट, प्लेट आणि सव्वा तास तेच राहतात. २,८०० शीट, कागद ९,५१०, प्लेट १,०००, शाई १,१७५, मशीन ४,७००. हजारी सुमारे १,६४०. गिऱ्हाईक "दहा हजारांचा रेट दोन हजारांना लावा" म्हणतं, तेव्हा मी सव्वा तास आणि दोनशे शीट वेगळे लिहून दाखवतो. कटिंग, पॅकिंग आणि जीएसटी यात धरलेले नाहीत.