आमची वाटचाल : काळ्या काजळापासून नेव्ही ब्लूपर्यंत

सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या गाळ्यात बांगड्या-टिकल्यांसोबत काजळ ठेवायला लागलो, तेव्हा काजळ म्हणजे काळं एवढंच मला ठाऊक होतं. मग कुठेतरी ऐकलं, तपकिरी डोळ्यांना निळा रंग खुलतो. उत्साहात मुंबईहून आकाशी आयशॅडोचे दोन खोके मागवले. आमच्याकडच्या गव्हाळ-सावळ्या पापण्यांवर तो राख फासल्यासारखा दिसला आणि माल पडून राहिला.

उलगडा केला एका गिऱ्हाईक मावशींच्या यजमानांनी. ते चादरीच्या कारखान्यात होते. म्हणाले, "नारिंगी पट्टीला खेटून निळा धागा टाका, नारिंगी पेटतो." तपकिरी म्हणजे तरी काय, काळवंडलेला नारिंगीच. निळा बरोबर होता, चुकला होता फिकेपणा. फिक्या शेडमध्ये पांढरा मिसळलेला असतो, तोच आपल्या त्वचेवर राखाडी उठतो. तेव्हापासून आम्ही गडद नेव्ही ब्लू पेन्सिल ठेवू लागलो.

अशोक चौकातली एक मुलगी लग्नाच्या चार दिवस आधी आली. पार्लरमधल्या ट्रायलचे फोटो दाखवले. वर-खाली जाड काळं, त्यात डोळे बारीक आणि नुसते काळे. तिला आधी ओट्यावर उन्हात उभं केलं. ट्यूबलाइटखाली काळे वाटणारे डोळे चिंचोक्याच्या रंगाचे निघाले.

पापणीच्या वरच्या खोबणीत मॅट तपकिरी फिरवला. पापणीच्या मधोमध तांब्याचा रंग बोटानं दाबून बसवला. चमकीचा शेड ब्रशपेक्षा बोटानं नीट चिकटतो. काळं लायनर फक्त वरच्या पापण्यांच्या मुळाशी, दोऱ्याइतकं. खाली बाहेरच्या कोपऱ्यापासून बुबुळाखालपर्यंत नेव्ही ब्लू, आणि आतली ओली कड मोकळी. तिची आई आरशात बघून म्हणाली, "अगं, हिचे डोळे माझ्या आईसारखे आहेत की!"

सगळ्यांनाच हे चालत नाही. उन्हातही तपकिरी झाक दिसत नसेल, तर नेव्ही ब्लू लांबून काळाच वाटतो. अशा वेळी मी पेन्सिल विकत नाही, तांब्याचा किंवा जांभळट वांगी शेड देते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात खालची रेघ तासाभरात गालावर उतरते. म्हणून पेन्सिलवर त्याच रंगाची कोरडी पावडर बारीक ब्रशनं दाबायला सांगते, घासायला नाही. टेस्टर डोळ्याला लावू देत नाही, गालाच्या हाडावर रेघ ओढते. काहीजणी रुसतात, रुसू देत.

आणि ते आकाशी खोके? शाळेच्या गॅदरिंगला कृष्ण रंगवायला गेले.