नांदूर नाका ते निफाड आणि परत: पावसाळ्यातल्या वाऱ्यात ६० किलोमीटर सायकल

जुलैत नाशिकहून सायकल काढायची तर बहुतेक जण त्र्यंबक रोडच धरतात. अंजनेरीच्या डोंगराखालून जाणारा तो रस्ता या दिवसांत देखणा असतो, यात वादच नाही. पण त्या बाजूला पाऊस सोडत नाही. पूर्वेला निफाडकडे निघालं की पाऊस भराभर कमी होतो आणि रस्ताही बराच सपाट आहे. म्हणून मी आणि माझा मावसभाऊ रविवारी सकाळी सहाला नांदूर नाक्यावरून माडसांगवी, ओढा, चांदोरी या मार्गाने निफाडकडे निघालो. परतीचं गणित निघण्याआधी डोक्यात असलं तर या रस्त्यावर त्रास होत नाही. पुढे जाणाऱ्यांसाठी तेच सविस्तर लिहितो.

पावसाळ्यात इथे वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून वाहतो. म्हणजे निफाडला जाताना तो पाठीवर आणि येताना तोंडावर. गोदावरीही याच दिशेने वाहते, तेव्हा जाताना अगदी किंचित उतारही मिळतो. जाताना दोन्ही बाजूंचा ऊस आमच्याच दिशेला वाकलेला होता आणि कानात वाऱ्याचा आवाज जवळजवळ नव्हता. वारा पाठीवर असल्याची ही सगळ्यात पक्की खूण, कारण सायकलवर कान शांत राहणं एरवी घडत नाही. मीटरवर ३० किलोमीटर झाले तेव्हा निफाड तोंडावर आलं होतं आणि बरोबर एक तास झाला होता.

तिथे चहा घेताना भाऊ म्हणाला, "दादा, आता येताना वीसने आलो तरी पंचवीसचा अ‍ॅव्हरेज पक्का!" हिशेब सरळ वाटतो: जाताना ताशी ३०, येताना २०, मधोमध २५. पण तो तसा लागत नाही. ताशी २० ने ३० किलोमीटर यायला दीड तास लागतो. जाऊन-येऊन अडीच तास, अंतर ६०, म्हणजे सरासरी २४. अंतर दोन्हीकडे सारखं असलं तरी वेळ सारखा नसतो. अडीच तासांतला दीड तास आपण हळू चालवत असतो, त्यामुळे सरासरी हळू वेगाकडे ओढली जाते. वारा जितका जोराचा तितकी ही ओढ वाढते. जाताना ३५ आणि येताना १५ पडला तर मधला आकडा २५ च राहतो, पण खरी सरासरी २१ येते.

यावर एक सोपी रीत आहे, धावणाऱ्यांना ती आपसूक येते. वेग ताशी किती किलोमीटर असा न धरता एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते धरायचं. ताशी ३० म्हणजे २ मिनिटं, ताशी २० म्हणजे ३ मिनिटं, मधला आकडा अडीच मिनिटं, आणि अडीच मिनिटांना एक किलोमीटर म्हणजेच ताशी २४. अंतरं सारखी असतील तर मिनिटांची साधी सरासरी नेहमी बरोबर येते. धावताना जाण्याचा पेस पाच-पन्नास, म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटं पन्नास सेकंद, आणि येण्याचा साडेसहा मिनिटांचा पडला, तर पूर्ण धाव सहा-दहाची झाली, आणखी काही करावं लागत नाही.

मग येताना थोडा जास्त जोर लावून पंचवीस करता आला नसता का? ६० किलोमीटरला ताशी २५ म्हणजे २ तास २४ मिनिटं. एक तास संपला होता, उरली ८४ मिनिटं, म्हणजे येताना ताशी २१.४ हवा. वीसचा साडेएकवीस करणं कागदावर किरकोळ दिसतं. पण समोरच्या वाऱ्यात आपल्याला रस्त्यावरच्या वेगाचा नाही, वारा धरून होणाऱ्या वेगाचा विरोध सोसावा लागतो, आणि तो विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. आमच्यासारख्या साध्या बसणीवर तेवढ्या वाढीला सुमारे १५ टक्के जास्त ताकद लागते, तीही तासभराहून अधिक सलग. भावाने चांदोरीपर्यंत तसा प्रयत्न केला, पुढे माझ्या मागे आला. मी त्याला मागेच ठेवलं, कारण मागच्या सायकलला वाऱ्याचा मार बराच कमी बसतो. ओढ्यापासून दर पाच मिनिटांनी आम्ही पुढचा-मागचा बदल करत आलो. परतीला दीड तासच लागला.

वाऱ्याच्या आकड्याबद्दलही नीट समजून घ्यायला हवं. अ‍ॅपवर दिसणारा वाऱ्याचा वेग जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा असतो. सायकलवर बसलेल्याच्या उंचीला, उघड्या शेतातून जाताना, त्याचा अर्धा ते दोन तृतीयांश धरावा. आणि ताशी १० चा वारा तोंडावर आला म्हणून सायकलचा वेग पूर्ण १० ने पडत नाही. बिनवाऱ्याच्या दिवशी ताशी २५ ने जाणारा तेवढ्याच जोराने साधारण २० वर येतो आणि पाठीवर वारा असेल तर ३०-३१ पर्यंत जातो. त्या दिवशी अ‍ॅप १८ दाखवत होतं, आणि आमचे आकडे त्याला धरूनच आले. धावताना वेग कमी, म्हणून वाऱ्याचा परिणामही कमी. पण पाठीवरचा वारा धावणाऱ्याला समोरच्या वाऱ्याने घेतलेलं पूर्ण परत देत नाही, साधारण निम्मंच देतो.

आता वेळेचं. समजा तुम्हाला अडीच तासांत नांदूर नाक्यावर परत यायचंय. निम्मा वेळ म्हणून सव्वा तासाने वळलात तर तोवर साडेसदतीस किलोमीटर, म्हणजे निफाड ओलांडून पुढे गेलेले असाल, आणि परतीला जवळपास १ तास ५२ मिनिटं लागतील. घरी पोचायला एकूण ३ तास ७ मिनिटांच्या आसपास लागतील. म्हणून वारा पाठीवर घेऊन निघाल तेव्हा जाण्याच्या वेळेची दीडपट परतीला धरा आणि एकूण वेळेच्या चाळीस टक्क्यांवर वळा. शिवाय ऊन चढतं तसा वाराही चढतो. सकाळी साडेसहाचा वारा नऊला राहत नाही, त्यामुळे उशिरा निघणाऱ्याने दीडपटीऐवजी पावणेदोनपट धरावी. पाणी आणि खाणंही त्याच हिशेबाने परतीसाठी राखून ठेवा. आम्ही राजगिऱ्याच्या वड्या निफाडला न खाता चांदोरीत खाल्ल्या.

मीटरवर वळताना लॅप दाबायला विसरू नका, नाहीतर जाण्या-येण्याचे आकडे एकत्र मिसळतात. ऑटो-पॉज चालू असेल तर चहाची वेळ सरासरीत धरली जात नाही, पण घरी पोचायच्या वेळेत ती असतेच.

उतार किती आणि वारा किती हे वेगळं काढायचं असेल तर हाच रस्ता हिवाळ्यात, वारा पडलेला असताना भल्या पहाटे करा. तेव्हा जाण्या-येण्यात जो फरक राहील तो उताराचा. दिवाळीनंतर वारा बहुधा पूर्वेकडून असतो, मग हाच रस्ता जाताना जड आणि येताना हलका. पावसाळ्यात तोच क्रम हवा असेल तर रेनकोट घेऊन त्र्यंबकला जा. वारा दोन्ही वेळा सारखा राहिला तर एकूण वेळेत काही फरक पडत नाही, पण थकल्यावर पाठीवर वारा मिळतो. नवख्या माणसाला घेऊन जाणार असाल तर मी तरी त्र्यंबकच सुचवेन.

नांदूर नाक्याच्या जवळ आठनंतर भाजीपाल्याचे पिकअप आणि ट्रक वाढतात. समोरच्या वाऱ्यात मान खाली घालून चालवण्याची सवय लागते, आणि वाऱ्याच्या आवाजात मागचा हॉर्न उशिरा ऐकू येतो. माडसांगवीपासून पुढचा-मागचा खेळ बंद करून एकामागे एक, अंतर ठेवून आणि डावी कड धरून या.