तुम्ही विचारलंत म्हणून: फेज, दोन रकाने आणि एक रिकामी प्लेट

“लायटिक म्हणजे जनरलाइज्ड आणि लायसोजेनिक म्हणजे स्पेशलाइज्ड ट्रान्सडक्शन, एवढं लक्षात ठेवलं तर चालेल ना?”

परीक्षेत कदाचित चालेल, प्रयोगशाळेच्या बाकावर नाही. फेज म्हणजे जिवाणूंना लागणारा विषाणू, आणि त्याने एका जिवाणूचा जीन दुसऱ्यात नेणं म्हणजे ट्रान्सडक्शन: जनरलाइज्डमध्ये कुठलाही जीन, स्पेशलाइज्डमध्ये ठरावीकच. लायटिक फेज पेशी फोडतो, लायसोजेनिक तिच्यात लपून राहतो. दोन रकान्यांचा हा तक्ता मीही फळ्यावर काढलेला आहे, म्हणून दोष फक्त विचारणाऱ्याला देत नाही. पण पी-वन आणि पी-२२ हे जनरलाइज्ड ट्रान्सडक्शनचे सगळ्यात जास्त वापरले जाणारे फेज आणि दोघेही टेम्परेट, म्हणजे पेशी न फोडता तिच्यात लपूनही राहू शकणारे. झिंडर आणि लेडरबर्ग यांनी १९५२ साली साल्मोनेलात ट्रान्सडक्शन दाखवलं ते पी-२२ नेच. उलट टी-४ पक्का लायटिक, तरी तो सहसा जीन वाहून नेत नाही, कारण यजमानाचा डीएनए तो आधीच चिरून संपवतो. फेजच्या डोक्यात, म्हणजे डीएनए ठेवायच्या कवचात, भरायला काही उरतच नाही.

फरक पडतो तो डीएनए डोक्यात कसा भरला जातो यावर. पी-वन ‘पॅक’ या जागेपासून सुरू करून डोकं भरेपर्यंत, म्हणजे साधारण १०० किलोबेस, डीएनए ओढतो. कधी चुकून तो यजमानाच्या गुणसूत्रापासूनच सुरुवात करतो, आणि त्या कणात फेजचा डीएनए नसतोच. लॅम्डा या फेजला मात्र दोन्ही टोकांना ‘कॉस’ ही जागा लागते, म्हणून यजमानाचा निव्वळ तुकडा त्याला भरता येत नाही. त्याचा प्रोफेज, म्हणजे पेशीत लपलेला फेजचा डीएनए, गॅल आणि बायो या जीनांच्या मध्ये बसतो. बाहेर पडताना चुकीच्या जागी कापला गेला, तर शेजारचा एखादा जीन घेऊन आणि स्वतःचा काही भाग मागे ठेवून निघतो. म्हणून लॅम्डाकडून सहसा गॅल किंवा बायोच मिळतं. एवढ्यापुरता तक्त्याचा दुसरा रकाना खरा आहे, हे मान्य करतो: प्रोफेज गुणसूत्रात बसल्याशिवाय ही चूक होत नाही. पण नुसतं लायसोजेनिक असणं पुरत नाही. पी-वनचा प्रोफेज प्लाझमिडसारखा सुटा राहतो.

आता ती प्लेट. पी-वन-व्हिर हे पी-वनचं फक्त लायटिक चालणारं रूप, आणि लायसेट म्हणजे पेशी फुटून मिळालेला फेजचा द्रव. दात्या जिवाणूवर वाढवलेलं हे लायसेट १००, १० आणि १ मायक्रोलिटर, प्रत्येकी १०० मायक्रोलिटर ग्राहक पेशींत, ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडसह ३७ अंशांना ३० मिनिटं. मग सोडियम सायट्रेट, एलबीमध्ये तासभर वाढ आणि अँटिबायोटिकच्या प्लेटवर पसरणं. सकाळी १०० ची प्लेट जवळपास कोरी आणि १० च्या प्लेटवर कॉलनी. कोऱ्या प्लेटकडे बघून लोक पुढच्या वेळी लायसेट आणखी वाढवतात. मीही वाढवलेलं आहे.

हिशेब करून बघा. पेशी ४×१०⁸ आणि १०० मायक्रोलिटरमध्ये जिवंत फेज २×१०⁹, म्हणजे पेशीमागे सरासरी ५. एकही जिवंत फेज न लागलेल्या पेशी दीडशेत एक. जीन पोहोचलेली पेशीही त्याच गर्दीत असते, तिच्यावर सोबत जिवंत फेज चढतो आणि ती फुटते. १० मायक्रोलिटरमध्ये सरासरी ०.५, सुमारे ६१ टक्के पेशी सुटतात. जीन दहापट कमी पेशींत पोहोचला, तरी कॉलनी नऊपट जास्त. लायटिक चक्राचा खरा उपद्रव हा असा दिसतो. सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवतं, पी-वनला चिकटायला तेच लागतं, म्हणून नंतर सुटलेले फेज नव्या पेशींवर चढू शकत नाहीत. कॉलनी पुन्हा दोनदा सायट्रेटच्या प्लेटवर रेघून घ्या, नाहीतर फेज सोबत येतो. नुसत्या पेशींची आणि नुसत्या लायसेटची अशा दोन प्लेटा वगळू नका. आणि ग्राहकात आरईसी-ए हे डीएनएची अदलाबदल घडवणारं प्रथिन नसेल तर लायसेट कितीही नेमकं घ्या, आत आलेला तुकडा गुणसूत्रात बसतच नाही.

मॅपिंगसाठी समजा टेट्रासायक्लिन-रोधी खूण निवडली आणि २०० कॉलनींपैकी ८४ मध्ये शेजारचा जीनही आला. सहट्रान्सडक्शन ०.४२. वू यांचं सूत्र, त्यात C म्हणजे हे प्रमाण आणि d म्हणजे खूण आणि जीन यांमधलं अंतर:

```
C = (1 − d/L)³
```

L, म्हणजे तुकड्याची लांबी, २ मिनिटं धरली तर d येतं ०.५ मिनिट. ई. कोलायच्या १०० मिनिटांच्या नकाशावर १ मिनिट साधारण ४६ किलोबेस, म्हणजे अंतर सुमारे २३ किलोबेस. २ मिनिटांपलीकडचे जीन एकत्र येतच नाहीत, आणि खूण म्हणून मोठा ट्रान्सपोझॉन घुसवलेला असेल तर आकडा थोडा खोटा बोलतो. शिवाय जीन खुणेच्या डावीकडे की उजवीकडे, हे ८४ वरून कळत नाही. त्यासाठी तिसरी खूण घेऊन पुन्हा तेवढ्याच कॉलनी तपासाव्या लागतात.